घरभाडे भत्ता : आधी MIN, मग बेरीज

पगारपत्रकात घरभाडे भत्ता ३६,००० रुपये. घरमालकाला दिलेलं भाडं २२,००० रुपये. आणि करातून सुटलेली रक्कम फक्त १४,०००. डिसेंबर-जानेवारीत कार्यालयांतून भाडेपावत्या मागवल्या जातात आणि मार्चच्या पगारातून जास्तीचा कर कापला जातो, तेव्हा हा आकडा पाहून बरेच जण अकाउंट्स विभागाचं दार ठोठावतात. भत्ता मिळाला तेवढा माफ, किंवा भाडं भरलं तेवढं तरी माफ, अशी त्यांची समजूत असते. तिथे चूक सहसा अकाउंट्सची नसते. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम १०(१३अ) आणि त्याला जोडलेला १९६२च्या नियमांतला नियम २अ यांनी तीन रकमा काढायला सांगितल्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत लहान तेवढीच करमुक्त धरली आहे.

पहिली रक्कम म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला भत्ता. जे मिळालंच नाही त्यावर सूट कशी देणार, इतकी ती सरळ आहे. दुसरी रक्कम म्हणजे भरलेल्या भाड्यातून पगाराचा १० टक्के भाग वजा करून उरलेला आकडा. पगाराचा दहावा हिस्सा माणसाने राहण्यावर स्वतःच्या खिशातून घालावा आणि त्यावर जो भार पडेल तेवढाच कायद्याने उचलावा, अशी ही मांडणी आहे. तिसरी रक्कम भाड्याकडे पाहतच नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नईत घर असेल तर पगाराच्या ५० टक्के, इतरत्र ४० टक्के. कितीही आलिशान घर घेतलं तरी सूट यापुढे जात नाही.

वरच्या उदाहरणात मूळ वेतन ८०,००० आणि घर पुण्यात आहे. भत्ता ३६,०००. भाड्यातून ८,००० वजा जाता १४,०००. पगाराचे ४० टक्के ३२,०००. तिघांत लहान १४,०००, म्हणून तेवढे माफ. उरलेल्या २२,००० वर कर.

इथे ‘पगार’ म्हणजे खात्यात जमा होणारी रक्कम नव्हे. मूळ वेतन, आणि नोकरीच्या अटींप्रमाणे निवृत्तीच्या लाभांत धरला जात असेल तर महागाई भत्ता. ज्यांना विक्रीच्या ठरावीक टक्क्याने कमिशन मिळतं त्यांचं ते कमिशन. बोनस, विशेष भत्ता, प्रवासभत्ता यांतलं काही नाही. खासगी कंपन्यांत महागाई भत्ता बहुधा नसतोच, त्यामुळे तिथे मूळ वेतन म्हणजेच पगार. सरकारी नोकरीत मात्र हा एक शब्द सगळा हिशोब फिरवतो.

नागपुरातला केंद्र सरकारचा एक कर्मचारी घ्या. मूळ वेतन ६०,०००. एप्रिल २०२५ मध्ये महागाई भत्ता ५५ टक्के, म्हणजे ३३,०००. नागपूर ‘वाय’ वर्गातलं शहर, म्हणून घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या २० टक्के, १२,००० रुपये. भाडं १५,०००. घरी बसून हिशोब करताना तो मूळ वेतनाचेच १० टक्के वजा करतो आणि ९,००० माफ होतील असं धरून चालतो. कार्यालय ९३,००० चे १० टक्के वजा करतं आणि ५,७०० माफ करतं. कार्यालयाचं बरोबर आहे. गंमत अशी की जुलैपासून महागाई भत्ता ५८ टक्के झाला तेव्हा त्याचा पगार महिन्याला १,८०० रुपयांनी वाढला आणि घरभाड्याची सूट १८० रुपयांनी घटली. भाडं तेच, भत्ताही तोच. वाढला तो फक्त वजा होणारा दहावा हिस्सा.

शहराच्या बाबतीतही असाच गोंधळ होतो. सरकारी घरभाडे भत्ता ठरवताना पुणे ‘एक्स’ वर्गात येतं, मुंबई-दिल्लीच्या पंगतीत. त्यामुळे करातही ५० टक्के मिळणार असं पुणेकर कर्मचाऱ्याला वाटणं स्वाभाविक आहे. पण नियम २अ मधली यादी वेगळी. तिथे ती चारच शहरं. शिवाय त्या नियमात पाहिलं जातं ते घर कुठे आहे, कार्यालय कुठे आहे ते नव्हे. नरिमन पॉइंटला नोकरी करून डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्याला ४० टक्केच. काही कंपन्यांची प्रणाली कार्यालयाच्या पत्त्यावरून ५० टक्के धरते. तपासणीत प्रश्न आला तर उत्तर मात्र करदात्यालाच द्यावं लागतं. ही यादी आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या हिशोबाची आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आणि नियमांचे क्रमांक बदलले. त्यानंतरच्या वर्षांसाठी शहरांची यादी त्या वर्षाच्या नियमांतच पाहावी.

आता खरी अडचण. तीन रकमा वर्षाच्या काढायच्या की महिन्याच्या? बहुतेक जण वर्षाच्या काढतात, कारण पावत्यांची बेरीज वर्षाची असते आणि फॉर्म १६ वरही वर्षाचाच आकडा असतो. बारा महिने काहीच बदललं नसेल तर फरक पडत नाही. महिन्याचं उत्तर बाराने गुणलं काय आणि वर्षाचं एकदम काढलं काय, एकच. पण पगारवाढ, बदली, घरबदल, भाडेवाढ यांतलं काहीही वर्षाच्या मध्ये झालं की दोन्ही वाटा वेगळ्या जागी पोचतात.

पुण्याच्या त्याच उदाहरणातल्या अभियंता बाईंची ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईला बदली झाली असं धरू. मूळ वेतन आणि भत्ता बदलला नाही. अंधेरीत घर मिळालं, भाडं ५०,०००. आता भत्ता ३६,०००, भाडं वजा दहा टक्के ४२,०००, आणि घर मुंबईत म्हणून पगाराचे ५० टक्के ४०,०००. सर्वांत लहान ३६,०००. पुण्याचे सहा महिने दरमहा १४,००० प्रमाणे ८४,००० होतात, मुंबईचे सहा महिने ३६,००० प्रमाणे २,१६,०००. एकूण सूट ३,००,०००.

हेच त्यांनी वर्षाची बेरीज करून काढलं तर? भत्ता ४,३२,०००. भाडं पुण्याचं १,३२,००० आणि मुंबईचं ३,००,०००, मिळून ४,३२,०००. त्यातून वर्षाच्या पगाराचे १० टक्के, ९६,००० वजा जाता ३,३६,०००. तिसरी रक्कम पुण्याची १,९२,००० आणि मुंबईची २,४०,०००, मिळून ४,३२,०००. सर्वांत लहान ३,३६,०००. म्हणजे खऱ्यापेक्षा ३६,००० जास्त. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह हा ११,२३२ रुपयांचा कर झाला, आणि तो पुढे व्याजासह भरावा लागू शकतो.

हे ३६,००० आले कुठून? मुंबईत दुसरी रक्कम ४२,००० होती, पण भत्त्याने ती ३६,००० वर अडवली. दर महिन्याचे ते ६,००० वाया गेले. वर्षाची बेरीज करताना हेच वाया गेलेले ६,००० पुण्याच्या महिन्यांकडे सरकतात, जिथे भत्त्यात अजून जागा शिल्लक होती. नियमाला हे मान्य नाही. त्यात ‘महिना’ असा शब्द नसला तरी ‘संबंधित काळ’ असा आहे, म्हणजे ते घर करदात्याच्या वापरात होतं तेवढा काळ. पगार, भत्ता, भाडं आणि शहर या चारपैकी एक जरी बदललं तरी तिथून नवा हिशोब सुरू करावा लागतो. महिनावार पत्रक केलं की बदल कधी झाला याची आठवणच ठेवावी लागत नाही.

वर्षाच्या बेरजेने नेहमी सूट फुगते असंही नाही. ऑक्टोबरमध्ये मुंबईला जाण्याऐवजी याच बाई पुण्यातल्या स्वतःच्या नव्या घरात राहायला गेल्या असं समजा. स्वतःच्या घरात राहताना भत्ता पूर्ण करपात्र, त्यामुळे सूट फक्त पहिल्या सहा महिन्यांची, ८४,०००. वर्षाच्या हिशोबात मात्र १,३२,००० भाड्यातून बारा महिन्यांच्या पगाराचे १० टक्के वजा होतात आणि उरतात ३६,०००. हक्काची ४८,००० ची सूट हातची जाते. ज्या महिन्यांत भाडंच नव्हतं त्या महिन्यांच्या पगाराचा दहावा हिस्सा वजा करायचं काहीच कारण नव्हतं. वर्षाच्या मध्ये भाड्याचं घर घेणाऱ्या किंवा सोडणाऱ्यांचं हे नुकसान सहसा कोणी दाखवून देत नाही, कारण कमी सूट मागितल्याबद्दल नोटीस येत नाही.

म्हणून संगणकावरच्या तक्त्यात बारा ओळी हव्यात. पहिल्या रकान्यात महिना, B मध्ये पगार, C मध्ये मिळालेला भत्ता, D मध्ये भरलेलं भाडं, आणि E मध्ये शहराची खूण: त्या चार महानगरांपैकी एक असेल तर M, नाहीतर N. मग F2 मध्ये हे सूत्र घालून खाली १३ व्या ओळीपर्यंत ओढायचं.

```
=MIN(C2+0, MAX(0, D2-10%*B2), IF(E2="M",50%,40%)*B2)
```

आणि त्याखाली बेरीज:

```
=SUM(F2:F13)
```

MIN चं काम एवढंच की कंसातल्या आकड्यांतला सर्वांत लहान उचलायचा. पण ते आंधळं आहे, आणि म्हणून सूत्रात दोन छोटे बंदोबस्त केले आहेत.

पहिला MAX चा. भाडं पगाराच्या दहाव्या हिश्शाहून कमी असेल, म्हणजे ८०,००० पगारावर गावाकडचं ६,००० भाडं, तर वजाबाकी उणे २,००० येते. MIN ला उणे दोन हजार सर्वांत लहान दिसतात आणि ते बिनदिक्कत तेच उत्तर देतं. बेरजेत हा उणे आकडा इतर महिन्यांची सूट खातो. स्वतःच्या घरात राहिलेल्या महिन्यांतही हेच होतं. तिथे भाडं शून्य, वजाबाकी उणे ८,०००. MAX मुळे शून्याखालचं काहीही शून्यच होतं.

दुसरा बंदोबस्त C2 पुढच्या `+0` चा. तो निरर्थक वाटतो आणि बरेच जण तो पुसून टाकतात. पण MIN ला थेट एखादा कप्पा दाखवला आणि तो रिकामा असेल, किंवा त्यात आकड्याऐवजी मजकूर असेल, तर ते तो कप्पा मुकाट्याने वगळतं. एखाद्या महिन्यात भत्ता मिळालाच नाही आणि कप्पा रिकामा राहिला, तर उत्तर शून्य यायला हवं. MIN उरलेल्या दोन रकमांतली लहान देऊन मोकळं होतं. कोणी ‘३६,००० रु.’ असं ‘रु.’सकट टाइप केलं तरी तेच: पडद्यावर आकडा दिसतो, सूत्रासाठी तो कप्पा नसल्यातच जमा. पुण्याच्या महिन्यांत हे लक्षातही येणार नाही, कारण तिथे सर्वांत लहान रक्कम भाड्याची आहे आणि उत्तर योगायोगाने बरोबर येतं. मुंबईच्या महिन्यांत मात्र ३६,००० ऐवजी ४०,००० येतील. `+0` लावल्यावर रिकामा कप्पा शून्य होतो आणि मजकुराच्या जागी `#VALUE!` असा डाग उमटतो. हिशोबाच्या कागदावर असा डाग दिसलेला बरा. चुकीचा आकडा साळसूद दिसतो, म्हणून तो जास्त वाईट.

एवढं झाल्यावर मला विचाराल तर F रकान्यापेक्षा जास्त कामाचा प्रश्न असा, की कोणत्या महिन्यात तिघांपैकी कोणती रक्कम सर्वांत लहान ठरली. पुण्यात भाड्याची ठरली. तिथे भाडं हजाराने वाढलं तर सूटही हजाराने वाढते, आणि हे भाडं ४०,००० होईपर्यंत चालतं. तिथे पगाराच्या ४० टक्क्यांची ३२,००० ची भिंत लागते. कंपनीने पुण्यात भत्ता ३६,००० चा ४०,००० केला तरी काही उपयोग नाही, वाढलेला सगळा भत्ता करपात्र. मुंबईत उलट. तिथे भत्ताच लहान ठरला, म्हणून भाडं ४४,००० च्या पुढे गेल्यावर करात त्याचा एक रुपयाही फायदा नाही. पगाराची रचना बदलून घेण्याची मुभा देणाऱ्या कंपनीत या बाईंनी मुंबईत गेल्यावर विशेष भत्त्यातले ४,००० घरभाडे भत्त्याकडे वळवून मागितले असते, तर महिन्याला तेवढी सूट वाढली असती. त्यापुढे मागून उपयोग नव्हता. ४०,००० वर ५० टक्क्यांची भिंत आहेच.

आता एक अप्रिय गोष्ट. हे सगळं फक्त जुन्या करप्रणालीत चालतं. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होणारी ठरली आणि तिच्यात घरभाड्याची सूट नाही. २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत साडेबारा लाखांच्या थोडं वर, म्हणजे पगारदाराच्या १२,७५,००० पर्यंतच्या वार्षिक पगारावर करच लागत नाही. त्यामुळे या उत्पन्नापर्यंतच्या बहुतेकांनी पावत्या गोळा करण्यात वेळ घालवू नये.

त्यावरच्या उत्पन्नातही घरभाड्याची सूट एकटी सहसा पुरत नाही. आपल्या अभियंता बाईंचा एकूण वार्षिक पगार १९,२०,००० धरू. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन कर १,६९,००० येतो. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, घरभाड्याचे ३,००,०००, भविष्य निर्वाह निधी वगैरेंचे १,५०,०००, आरोग्य विम्याचे २५,००० आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेचे ५०,००० वजा केले तरी कर २,१५,२५० होतो. म्हणजे नवीच स्वस्त. पण त्यांनी नाशिकला कर्ज काढून घर घेतलेलं असेल, तिथे आईवडील राहत असतील आणि व्याजाचे २,००,००० वजा होत असतील, तर जुन्या प्रणालीतला कर १,५५,२५० वर येतो आणि जुनी स्वस्त ठरते. (हे आकडे उपकर धरण्याआधीचे.) स्वतःचं घर एका गावात आणि नोकरीनिमित्त भाड्याचं घर दुसऱ्या गावात असेल तर व्याजाची वजावट आणि घरभाड्याची सूट दोन्ही घेता येतात. आजघडीला या सूटीचा हिशोब ज्यांच्या खरोखर उपयोगी पडतो ते बहुतांशी असेच लोक आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन कार्यालयाला द्यावा लागतो. ही माहिती फॉर्म १२बीबी मध्ये जाते. अनामत रक्कम आणि दलाली म्हणजे भाडं नव्हे, ती D रकान्यात येत नाही. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर गेलं तर भाडेकरूनेच त्यातून २ टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो; अंधेरीचं भाडं नेमकं ५०,००० ठेवलं ते यासाठीच, आणि मुंबईत हा आकडा इतका लोकप्रिय का आहे त्याचंही हे एक कारण असावं. आईवडिलांना भाडं दिलं तरी चालतं, पण ते बँकेतून खरोखर गेलेलं हवं आणि त्यांच्या विवरणपत्रात घरभाड्याचं उत्पन्न म्हणून दिसायला हवं.

शेवटी F रकान्याची बेरीज फॉर्म १६ मधल्या कलम १०(१३अ) पुढच्या आकड्याशी जुळवून पाहावी. जुळली नाही तर आधी शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. कार्यालयाने वर्षाच्या बेरजेवर MIN लावलं का, शहर घराऐवजी कार्यालयाचं धरलं का, महागाई भत्ता पगारात घेतला का. आणि महाराष्ट्रात एक चौथी जागाही पाहावी. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. करार संपून नवा नोंदवायला उशीर झाला की काही कार्यालयं मधल्या महिन्याचं भाडं शून्य धरतात, भाडं बँकेतून गेलेलं असलं तरी. अशा वेळी त्या एका ओळीची सूट विवरणपत्रात थेट मागता येते, मात्र विवरणपत्र मुदतीत आणि जुनी प्रणाली निवडून भरलेलं असलं पाहिजे. मुदत उलटली की नवी प्रणाली लागू होते आणि मग बाराही ओळी शून्य.